टू-बीत बिल दिसले, पण कर भरला गेला का? कास्टिंगच्या दोन बिलांचे प्रकरण

खरेदीदार भोसरी एमआयडीसीतला पंप बनवणारा कारखाना, विक्रेता कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली फाउंड्री. दोघेही जीएसटीत नोंदलेले आणि दोघेही महिन्याच्या महिन्याला रिटर्न भरणारे. फाउंड्रीची उलाढाल पाच कोटींच्या वर असल्याने तिची बिले ई-इनव्हॉइस असतात, म्हणजे प्रत्येक बिलावर आयआरएन हा सरकारी पोर्टलवरून मिळालेला क्रमांक आणि क्यूआर कोड असतो. प्रकरण नमुन्यादाखल रचले आहे आणि रकमा गोल ठेवल्या आहेत. कायद्याच्या तारखा आणि नियम मात्र त्या काळात लागू होते तेच आहेत.

पहिले बिल १७ जानेवारी २०२५ चे. पंप केसिंगचे कास्टिंग ४,००० किलो, १२५ रुपये किलोने ५,००,००० रुपये. त्यावर ९ टक्के सीजीएसटी ४५,००० आणि ९ टक्के एसजीएसटी ४५,०००. एकूण ५,९०,०००. दुसरे बिल ११ फेब्रुवारी २०२५ चे: त्याच दराने २,४०० किलो, ३,००,००० रुपये अधिक ५४,००० कर, एकूण ३,५४,०००.

दोन्ही वेळा माल आला, वजनकाट्याची पावती जुळली, गेटवर आवक नोंद झाली, बिल हिशेबात चढले. पहिल्या बिलाचे क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेला कर विक्रीवरच्या करातून वजा करण्याची सवलत, लगेच मिळाले आणि आठ महिन्यांनी परत करावे लागले. दुसऱ्याचे बराच काळ मिळालेच नाही, आणि मिळाले तेव्हा मुदत संपायला काही दिवसच उरले होते. या दोन्ही गोष्टींत खरेदीदाराची चूक नव्हती.

क्रेडिट कोणाच्या हातात असते

केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १६(२) मध्ये क्रेडिटच्या अटी आहेत. त्यातल्या काही खरेदीदाराने स्वतः पाळायच्या: नियमाप्रमाणे बिल हातात असणे, माल प्रत्यक्ष मिळणे, स्वतःचे रिटर्न भरणे. दोन अटी मात्र पूर्णपणे विक्रेत्यावर टेकलेल्या आहेत. एक, विक्रेत्याने ते बिल आपल्या विक्रीच्या तपशिलात दाखवले पाहिजे आणि ते खरेदीदाराच्या विवरणात उतरले पाहिजे. ही अट १ जानेवारी २०२२ पासून आली. दोन, त्या बिलावरचा कर विक्रेत्याने सरकारकडे खरोखर भरला पाहिजे. ही अट कायद्यात पहिल्या दिवसापासून, म्हणजे जुलै २०१७ पासून आहे.

पोर्टलवर या दोन अटींची दोन वेगळी रिटर्ने दिसतात. GSTR-1, बोलण्यातले ‘आर-वन’, हा विक्रीचा तपशील. तो पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत भरायचा. GSTR-3B, म्हणजे ‘थ्री-बी’, हे कर भरण्याचे रिटर्न. त्याची मुदत २० तारीख. या दोहोंच्या मधे, १४ तारखेला, खरेदीदाराचे GSTR-2B म्हणजे ‘टू-बी’ तयार होते. ते विक्रेत्यांच्या आर-वनमधून बनते. विक्रेत्याच्या थ्री-बीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

सगळा घोळ या क्रमातच आहे. टू-बी १४ तारखेला येते, विक्रेत्याला कर भरायला २० तारीख असते. त्यामुळे टू-बीत बिल दिसते याचा अर्थ ‘विक्रेत्याने हे बिल कबूल केले’ एवढाच होतो. ‘विक्रेत्याने यावरचा कर भरला’ असा अर्थ त्यातून निघत नाही. अनेक अकाउंट्स विभागांत टू-बीशी जुळवणी झाली की फाइल बंद होते. तिथे अर्धेच काम झालेले असते.

ई-इनव्हॉइसमुळे यात आणखी एक गैरसमज वाढला आहे. आयआरएन घेतला की बिलाची माहिती विक्रेत्याच्या आर-वनच्या मसुद्यात आपोआप जाते. तो आर-वन दाखल करणे हे पुढचे, वेगळे काम आहे. क्यूआर कोड स्कॅन होतो एवढ्यावरून आर-वन भरला हे कळत नाही, आणि कर भरला हे तर नाहीच नाही.

फेब्रुवारी: सगळे सुरळीत वाटते

फाउंड्रीने जानेवारीचा आर-वन वेळेत भरला. १४ फेब्रुवारीच्या टू-बीत १७ जानेवारीचे बिल आले. क्रमांक, तारीख, करपात्र रक्कम, कराचे दोन्ही भाग, सगळे जुळले. ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर आयएमएस ही सोय आहे. तिथे प्रत्येक बिलावर स्वीकार, नकार किंवा प्रलंबित असे नोंदवता येते आणि काहीच न केल्यास ते बिल स्वीकारलेले धरले जाते. इथे नाकारण्यासारखे काही नव्हते. २० फेब्रुवारीला कारखान्याने जानेवारीचे थ्री-बी भरताना ९०,००० चे क्रेडिट घेतले. त्या महिन्यात पंपांच्या विक्रीवरचा कर खरेदीच्या क्रेडिटपेक्षा जास्त होता, त्यामुळे ते सगळे त्याच दिवशी वापरले गेले आणि उरलेला कर रोखीने भरला.

हे शेवटचे वाक्य व्याजाच्या हिशेबात महत्त्वाचे ठरते. चुकीने घेतलेले क्रेडिट खात्यात नुसते पडून असेल तर त्यावर व्याज लागत नाही. खात्यातली शिल्लक त्या रकमेच्या खाली गेली की ‘वापरले’ असे धरतात आणि व्याज तिथून मोजले जाते.

२८ फेब्रुवारीला, बिलापासून ४२ व्या दिवशी, कारखान्याने फाउंड्रीला पूर्ण ५,९०,००० दिले. फाउंड्री लघुउद्योग म्हणून नोंदलेली असल्याने ४५ दिवसांची मर्यादा सांभाळणे भागच होते.

१४ मार्च: नसलेल्या ओळीतून मिळणारी खूण

१४ मार्चच्या टू-बीत फाउंड्रीचे ११ फेब्रुवारीचे बिल नव्हते. बिल टू-बीत न येण्याची साधी कारणेही असतात. विक्रेत्याने खरेदीदाराचा जीएसटीआयएन म्हणजे जीएसटी नोंदणी क्रमांक चुकीचा टाकला किंवा बिल ग्राहक-विक्रीत दाखवले, तर ते दुसरीकडे जाऊन पडते. विक्रेता तिमाही रिटर्नवाला असेल आणि त्याने तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची बिले १३ तारखेपर्यंत आयएफएफ या मधल्या महिन्यांसाठीच्या सोयीतून टाकली नाहीत, तर ती तिमाही संपल्यावरच दिसतात. पण ही फाउंड्री महिनेवारी होती आणि ई-इनव्हॉइसमध्ये जीएसटीआयएन बरोबर होता. मग कारण तिसरेच असणार.

नियम ५९(६) सांगतो की महिनेवारी करदात्याने मागच्या महिन्याचे थ्री-बी भरले नसेल तर त्याला चालू महिन्याचा आर-वन भरता येत नाही. पोर्टल भरूच देत नाही. त्यामुळे फेब्रुवारीची बिले गायब असतील, तर पहिला संशय जानेवारीच्या थ्री-बीवर घ्यायचा. गायब बिलापेक्षा आधी दिसलेले, क्रेडिट घेऊन झालेले बिल जास्त धोक्यात असते. हे लक्षात न घेता बहुतेक ठिकाणी फक्त गायब बिलाचा पाठपुरावा होतो.

तपासणी पाच मिनिटांची आहे. पोर्टलवर लॉगिन न करताही Search Taxpayer मध्ये विक्रेत्याचा जीएसटीआयएन टाकायचा आणि Show Filing Table उघडायचा. या फाउंड्रीच्या तक्त्यात GSTR-1 च्या यादीत सर्वात वरची ओळ जानेवारी २०२५ ची होती, तर GSTR-3B च्या यादीत डिसेंबर २०२४ ची. दोन याद्यांत एका ओळीचा फरक. तो फरक म्हणजेच ९०,००० रुपयांचा प्रश्न. विक्रेते शेकड्यांनी असतील तर एकेक जीएसटीआयएन शोधत बसण्याऐवजी स्वतःचे GSTR-2A, म्हणजे विक्रेत्यांच्या रिटर्नप्रमाणे सतत बदलत जाणारे ‘टू-ए’ विवरण, एक्सेलमध्ये उतरवायचे. त्यात प्रत्येक बिलासमोर विक्रेत्याचे थ्री-बी भरले की नाही याचा रकाना असतो. टू-बीत तो रकाना नाही. टू-ए आता कालबाह्य झाले असे मानणाऱ्यांनी या एका रकान्यासाठी तरी ते उघडावे.

कारखान्याच्या अकाउंटंट बाईंनी फाउंड्रीच्या मालकांना फोन लावला.

“साहेब, फेब्रुवारीचं बिल आमच्या टू-बीत आलेलं नाही.”

“असं कसं मॅडम? बिलावर क्यूआर हाय की ओ.”

“क्यूआर आहे, पण आर-वन भरलेला नाही. आणि जानेवारीचं थ्री-बी पण पेंडिंग दिसतंय.”

“ते होतंय आता. जरा पेमेंट अडकलंय एका पार्टीचं.”

फाउंड्रीची अडचण खरी होती. जानेवारीच्या विक्रीवरचा तिचा कर ६,४०,००० होता, खरेदीचे क्रेडिट ४,१०,०००. म्हणजे २,३०,००० रोख भरायचे होते आणि हाताशी ८०,००० होते. थ्री-बीत कर अर्धा भरून रिटर्न दाखल करता येत नाही. पूर्ण रक्कम खात्यात आली तरच ते दाखल होते. शिवाय कर बिलाच्या तारखेवर लागतो, पैसे येण्याच्या तारखेवर नाही. पंप कारखान्याने दिलेले ९०,००० कराचे पैसे २८ फेब्रुवारीला पोचले, देय तारीख २० फेब्रुवारी होती. ते पैसे आले तेव्हा विजेचे बिल आणि पिग आयर्नचे देणे दारात उभे होते. त्यातून पुढचा महिना साचला, मग त्याच्या पुढचा. रोख भरायच्या करावर १८ टक्के व्याज आणि दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क वेगळे.

कराचे पैसे रोखण्याचा निर्णय

मार्चमध्ये कारखान्यापुढे प्रश्न आला: ११ फेब्रुवारीच्या बिलाचे पैसे द्यायचे का? खरेदी आदेशात एक ओळ होती की कराची रक्कम टू-बीत बिल दिसल्यानंतर दिली जाईल. त्या आधारावर २५ मार्चला, म्हणजे ४२ व्या दिवशी, मूळ ३,००,००० दिले आणि ५४,००० रोखले. लेखी अट नसताना असे पैसे रोखले तर लघुउद्योगाच्या थकबाकीचा वाद अंगावर येण्याचा धोका आणखी वाढतो. म्हणून ही ओळ ऑर्डरमध्ये आधीच असावी लागते, नंतर ईमेलवर टाकून भागत नाही.

दरम्यान कारखान्याने फेब्रुवारीच्या रिटर्नमध्ये ५४,००० चे क्रेडिट घेतले नाही. घेता येतच नव्हते. २०१९ ते २०२१ या काळात टू-एत न दिसणाऱ्या बिलांसाठी आधी २०, मग १० आणि शेवटी ५ टक्क्यांपर्यंत वाढीव क्रेडिट घ्यायची मुभा होती. ती १ जानेवारी २०२२ पासून बंद झाली. आता टू-बीपेक्षा जास्त घेतले तर फरक ठरावीक मर्यादेपुढे गेल्यावर पोर्टलच विचारणा पाठवते, आणि उत्तर दिल्याशिवाय किंवा फरक भरल्याशिवाय पुढचा आर-वन अडतो. ५४,००० रुपयांचा कर कारखान्याने त्या महिन्यात रोखीने भरला. पैसे रोखून धरल्यामुळे निदान तेच ५४,००० दोनदा गेले नाहीत. पहिल्या बिलाच्या बाबतीत ही सोय उरली नव्हती, कारण ते टू-बीत दिसले म्हणून पूर्ण पैसे देऊन झाले होते. टू-बी पाहून कर सोडण्याची अट फक्त पहिली पायरी सांभाळते. महत्त्वाच्या विक्रेत्यांच्या बाबतीत ‘संबंधित महिन्याचे थ्री-बी भरल्यानंतर’ असे शब्द जास्त उपयोगी पडतात. सगळे विक्रेते ती अट मान्य करत नाहीत हेही खरे. मोठी स्टील कंपनी करणार नाही, पण तिच्याबाबतीत हा धोकाही फारसा नसतो.

३० सप्टेंबर आणि नियम ३७अ

कर न भरणाऱ्या विक्रेत्याच्या खरेदीदाराने क्रेडिट कधी परत करायचे, याची नेमकी तारीख बरीच वर्षे नव्हती. २६ डिसेंबर २०२२ ला आलेल्या नियम ३७अ ने ती दिली. ज्या आर्थिक वर्षात क्रेडिट घेतले, ते वर्ष संपल्यानंतरच्या ३० सप्टेंबरपर्यंत विक्रेत्याने त्या महिन्याचे थ्री-बी भरले नाही, तर खरेदीदाराने ते क्रेडिट ३० नोव्हेंबरपर्यंत आपल्या थ्री-बीत परत करायचे. या मुदतीत परत केले तर नियमाच्या शब्दांत व्याजाचा उल्लेख नाही. मुदत चुकवली तर रक्कम कलम ५० च्या व्याजासह भरायची. विक्रेत्याने नंतर कधी थ्री-बी भरले तर खरेदीदाराला ते क्रेडिट पुन्हा घेता येते.

इथे क्रेडिट २०२४-२५ मध्ये घेतले होते. म्हणून पाहायची तारीख ३० सप्टेंबर २०२५. त्या रात्री फाउंड्रीच्या तक्त्यात जानेवारीचे थ्री-बी नव्हते. अशा बिलांची पोर्टलने काढलेली यादी करदात्यांना ईमेलने येत असते, पण तिच्यावर विसंबून राहू नये. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात टू-एच्या त्या रकान्यावरून आपली यादी आपणच काढावी.

कारखान्याने सप्टेंबरच्या रिटर्नमध्ये ४५,००० सीजीएसटी आणि ४५,००० एसजीएसटी परत केले. कुठल्या रकान्यात, हे महत्त्वाचे. थ्री-बीच्या तक्ता ४ मध्ये परत करण्याच्या दोन जागा आहेत. 4(B)(1) म्हणजे कायमचे सोडलेले क्रेडिट आणि 4(B)(2) म्हणजे पुढे पुन्हा घेता येण्यासारखे. नियम ३७अ चे क्रेडिट 4(B)(2) मध्ये जाते. तिथे टाकलेली रक्कम Electronic Credit Reversal and Re-claimed Statement या वेगळ्या खात्यात जमा होते, आणि पुन्हा घेताना पोर्टल त्या खात्यातली शिल्लक पाहते. घाईत 4(B)(1) मध्ये टाकले तर विक्रेत्याने कर भरल्यावरही ते परत मिळवण्याची वाट पोर्टलवर सरळ राहत नाही.

नियम ३७अ मधली एक फट इथे सांगायला हवी. तो फक्त थ्री-बी न भरलेल्या विक्रेत्यापुरता आहे. विक्रेत्याने थ्री-बी भरले पण त्यात विक्री कमी दाखवली, तर कर भरलेला नसतो आणि तक्त्यात मात्र ‘भरले’ असे दिसते. खरेदीदाराला हे बाहेरून कळण्याचा मार्ग नव्हता. जुलै २०२५ च्या कालावधीपासून थ्री-बीतला विक्रीवरचा कर आर-वनवरून आपोआप भरला जातो आणि तो तिथे हाताने बदलता येत नाही, त्यामुळे ही फट बरीचशी बुजली आहे. त्याआधीच्या काळाची नोटीस आली तर हा मुद्दा अजून जिवंत आहे.

परत न करता भांडता आले असते का

माल खरा, बिल खरे, पैसे बँकेतून दिलेले. मग विक्रेत्याच्या थकबाकीची शिक्षा खरेदीदाराला का, हा प्रश्न रास्त आहे. सरकारकडे विक्रेत्याला गाठायचे मार्ग आहेत. रिटर्न न भरल्यास कलम ४६ खाली पंधरा दिवसांची नोटीस निघते. त्यानंतर कलम ६२ खाली अधिकारी उपलब्ध माहितीवरून कर ठरवून वसुलीला लागू शकतो. खरेदीदाराकडे फोन करण्यापलीकडे काही नसते.

न्यायालयांचे उत्तर एकसारखे नाही. महाराष्ट्रात व्हॅटच्या काळात हाच वाद झाला होता. महालक्ष्मी कॉटन जिनिंग प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये व्हॅट कायद्याचे कलम ४८(५) वैध ठरवले, म्हणजे तिजोरीत प्रत्यक्ष जमा झालेल्या करापुरताच सेट-ऑफ, म्हणजे व्हॅटमधले क्रेडिट. जीएसटीत कलकत्ता उच्च न्यायालयाने सनक्राफ्ट एनर्जी प्रकरणात ऑगस्ट २०२३ मध्ये खरेदीदाराच्या बाजूने कौल दिला: आधी विक्रेत्यावर कारवाई करा, अपवादात्मक परिस्थितीतच खरेदीदाराकडे वळा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये त्यात हस्तक्षेप केला नाही. पण त्याच ऑगस्टमध्ये पाटणा उच्च न्यायालयाने आस्था एंटरप्रायझेस प्रकरणात उलट भूमिका घेतली, आणि केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ही अट घटनेला धरून आहे असे म्हटले. शिवाय सनक्राफ्टमधला वाद टू-बीची अट येण्याच्या आधीच्या वर्षाचा होता, हे त्याचा दाखला देताना सहसा विसरले जाते.

हा कारखाना भांडला असता तर हिशेब असा झाला असता. क्रेडिट २० फेब्रुवारी २०२५ ला वापरले. समजा नोटीस येऊन २० फेब्रुवारी २०२६ ला भरले, तर वापराच्या तारखेपासून एका वर्षाचे १८ टक्क्यांनी १६,२०० रुपये व्याज. २०२४-२५ पासूनच्या प्रकरणांना कलम ७४अ लागते. फसवणुकीचा आरोप नसेल तर त्यात कराच्या दहा टक्के किंवा दहा हजार, यात जे जास्त असेल तेवढा दंड आहे. इथे सीजीएसटी आणि एसजीएसटी दोन्ही कायद्यांखाली दहा टक्के म्हणजे प्रत्येकी ४,५००, म्हणून दंड प्रत्येकी १०,०००, एकूण २०,०००. नोटिशीनंतर ६० दिवसांत कर आणि व्याज भरले तर दंड लागत नाही. त्यावर वकिलाची फी आणि अपिलाआधी भरायची दहा टक्के रक्कम. नव्वद हजारांसाठी, आणि तेही विक्रेता जिवंत व व्यवसायात असताना, परत करून वाट पाहणे हाच शहाणपणाचा मार्ग होता. रक्कम नव्वद लाख असती आणि विक्रेता पसार झालेला असता तर उत्तर वेगळे असते. तेव्हा ई-वे बिल, वजनकाट्याच्या पावत्या, वाहतूक पावती, बँकेची नोंद आणि खरेदीच्या दिवशी विक्रेत्याची नोंदणी चालू होती याचा पुरावा घेऊन लढावेच लागले असते.

नोव्हेंबरचे दहा दिवस

सलग सहा महिने रिटर्न नसल्याने फाउंड्रीला नोंदणी रद्द का करू नये अशी नोटीस आली होती. सगळी थकलेली रिटर्ने करासह भरली तरच ती कारवाई थांबते. नोंदणी गेली तर कोणी कास्टिंग घेणार नाही हे मालकांना कळत होते. त्यांनी बँकेकडून कर्ज उभे केले आणि ३ नोव्हेंबरला जानेवारीचे थ्री-बी भरले. त्यासोबत फेब्रुवारीचा आर-वन मोकळा झाला. तो ४ तारखेला दाखल झाला, मग फेब्रुवारीचे थ्री-बी, मग मार्चचा आर-वन, असे एकामागून एक ८ नोव्हेंबरपर्यंत चालले. मधला महिना सोडून पुढे जाता येत नाही.

१४ नोव्हेंबरला तयार झालेल्या, ऑक्टोबर महिन्याच्या टू-बीत ११ फेब्रुवारीचे बिल दिसले. टू-बी बिलाच्या महिन्यावर ठरत नाही, ती आर-वन कधी दाखल झाला यावर ठरते. जुने बिल उशिरा आले तरी ते ज्या खिडकीत दाखल झाले त्या महिन्याच्या टू-बीत बसते.

क्रेडिट घ्यायच्या आधी एक गोष्ट उरकायची होती. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत विक्रेत्याला पैसे दिले नाहीत तर क्रेडिट परत करावे लागते. या बिलाचे १८० दिवस १० ऑगस्टला संपले होते आणि ५४,००० देणे बाकी होते. क्रेडिट घेतलेलेच नसल्याने तोपर्यंत परत करण्यासारखे काही नव्हते. पण आता घेतले की प्रश्न लगेच उभा राहणार होता. बरेच जण समजतात की अशा वेळी सगळे ५४,००० अडकतात. तसे नाही, न दिलेल्या रकमेच्या प्रमाणातच परत करायचे असते. ३,५४,००० पैकी ५४,००० बाकी, म्हणून ५४,००० च्या करातले सुमारे ८,२३७ रुपये. कारखान्याने ते गणित टाळले. फेब्रुवारीचे थ्री-बी भरल्याचे तक्त्यात पाहून १५ नोव्हेंबरला फाउंड्रीला ५४,००० देऊन टाकले.

२० नोव्हेंबरला भरलेल्या ऑक्टोबरच्या थ्री-बीत 4(A)(5) या क्रेडिट घेण्याच्या रकान्यात एकूण १,४४,००० या प्रकरणाचे गेले. त्यातले ५४,००० टू-बीवरून आपोआप आले होते. ९०,००० पुन्हा घेतलेले, म्हणून हाताने मिळवावे लागले आणि तेवढेच 4(D)(1) या पुन्हा घेतलेल्या क्रेडिटच्या रकान्यातही दाखवले. ५४,००० तिथे दाखवायचे नव्हते, कारण ते पहिल्यांदाच घेतले जात होते. हे दोन आकडे एकत्र करून 4(D)(1) मध्ये टाकले असते तर ते परत केलेल्या क्रेडिटच्या खात्याशी जुळले नसते.

दुसऱ्या बिलाच्या ५४,००० च्या बाबतीत फार थोडक्यात निभावले. २०२४-२५ च्या बिलाचे क्रेडिट पहिल्यांदा घ्यायची शेवटची तारीख ३० नोव्हेंबर २०२५, किंवा वार्षिक रिटर्न त्याआधी भरले तर ती तारीख. त्या ३० तारखेच्या आत भरता येणारे शेवटचे नेहमीचे रिटर्न ऑक्टोबरचे, आणि ऑक्टोबरच्या टू-बीत महिनेवारी विक्रेत्याची बिले येण्याची सीमा ११ नोव्हेंबर. फाउंड्रीने फेब्रुवारीचा आर-वन १२ नोव्हेंबरला भरला असता, तर विक्रेत्याच्या बाजूने तो उशिरा का होईना दाखल झाला असता. पण खरेदीदाराला ते बिल १४ डिसेंबरच्या टू-बीत दिसले असते, क्रेडिटची मुदत संपून दोन आठवडे उलटल्यावर. तेव्हा विक्रेत्याकडे पाठपुरावा करताना ‘३० नोव्हेंबरच्या आत भरा’ असे सांगू नये, ‘१० नोव्हेंबरच्या आत भरा’ असे सांगावे.